शंभरचा प्लॅन, फाईल उतरते अकरानं: बाकीचे एमबी जातात कुठं?

सेलूचा_फोटोवाला

नमस्कार मंडळी. सेलूत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग पुण्यातला मित्र करतो आणि तयार काम लिंकनं पाठवतो. त्यासाठीच मागच्या महिन्यात फायबर घेतलं. ऑपरेटरच्या पॅम्फ्लेटवर मोठ्या अक्षरात छापलंय, "१०० एमबी स्पीड".

काल १८ जीबीची फाईल यायची होती. मी हिशेब केला: १८ हजार एमबी, सेकंदाला शंभर, म्हणजे १८० सेकंद. तीन मिनिटं. गिऱ्हाईक मानवतहून आलेलं, नवरीचे वडील. त्यांना म्हणालो, काका बसा, चहा होईस्तोवर हातात देतो. फाईल उतरायला सत्तावीस मिनिटं लागली. त्यांची एसटी हुकली. मला फार वाईट वाटलं, कारण शब्द मी दिला होता.

पूर्ण वेळ स्क्रीनवर 11.2 MB/s दिसत होतं. ऑपरेटरला फोन केला तर म्हणाला स्पीड टेस्ट लावा. लावली, 94 आलं. "बघा, येतंय की बरोबर!" म्हणून त्यानं फोन ठेवला. वायर एक, कॉम्प्युटर एक, मग एकीकडं ९४ आणि दुसरीकडं ११ कसं? दोन्हींतलं खरं कोणतं?

बीडकर_७७

खरं ११. बाकी सगळी लूट आहे. शंभरचे पैसे घेऊन अकरा द्यायलेत. स्पीड टेस्टला मुद्दाम पूर्ण वेग सोडतात आणि एरवी दाबून ठेवतात. बिल आणि पॅम्फ्लेट जपून ठेवा आणि सरळ ग्राहक मंचात जा.

सुनंदा_गंगाखेड

माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथंच विचारते. मोबाईलला रोजचा दीड जीबीचा पॅक आहे आणि दुपारपर्यंत संपून जातो. मुलगा म्हणतो, आई, ते आठनं भागायचं असतं. मग मला खरं तर दोनशे एमबीच मिळायलेत का?

काटेवाला_जालना

फोटोवाले भाऊ, यात फसवणूक नाही. कंपनी बिटमध्ये मोजते, तुमची फाईल बाइटमध्ये. दहानं भागा, उत्तर मिळतं. शंभर भागिले दहा, दहा. तुम्हाला तर अकरा म्हणजे जास्तच मिळायलंय.

दहा कसे, तेही सांगतो. मी मोंढ्यात वजनकाटे दुरुस्त करतो. काट्याच्या डिस्प्लेतून कॉम्प्युटरला जी वायर जाते तिची सेटिंग 9600, 8, N, 1 अशी असते. एका अक्षराचे आठ बिट, त्याच्या पुढं सुरुवातीचा एक बिट, मागं शेवटचा एक. झाले दहा. म्हणून ९६०० च्या वायरीवरून सेकंदाला ९६० अक्षरं जातात. वीस वर्षं हेच बघतोय.

फायबर_पैठणगेट

मी संभाजीनगरला फायबर नेटवर्कचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोटोवाले दादा, तुमचे दोन्ही आकडे खरे आहेत. स्पीड टेस्टचा ९४ हा मेगाबिटचा आहे आणि फाईलचा ११.२ मेगाबाइटचा. आठ बिटांचा एक बाइट. स्क्रीनवर नीट बघा: एकीकडं Mbps आहे, त्यातला b लहान. दुसरीकडं MB/s आहे, त्यातला B मोठा. घोळ एवढ्या एका अक्षराचा आहे, आणि आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नसल्यामुळं तो आपल्याकडं जास्त होतो. देवनागरीत दोन्हीला "एमबी" असंच लिहिलं जातं. तुमच्या पॅम्फ्लेटवर नेमकं तेच झालंय. ऑपरेटरनं "एमबीपीएस" छापायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर "मेगाबिट" असा पूर्ण शब्दच छापायला हवा होता.

स्वतः बघायचं असेल तर पुढच्या वेळी मोठी फाईल उतरत असताना Task Manager उघडा, त्यात Performance आणि मग Ethernet. तिथं वेग Mbps मध्ये दिसतो. ब्राउझर 11.2 MB/s दाखवत असेल त्याच क्षणी तिथं ९६-९७ च्या आसपास दिसेल. एकच पाणी दोन मापांनी मोजल्यासारखं ते समोर दिसतं.

बीडकर भाऊ, कंपन्या बिटमध्ये सांगतात ही अलीकडची चलाखी नव्हे. तारेवरून एका वेळी एक ठोका जातो, म्हणून तारेचा वेग सेकंदाला किती ठोके यावरच मोजायची पद्धत पडली. डायल-अपच्या मोडेमवर ५६ केबीपीएस लिहिलेलं असायचं, तेही बिटच. तेव्हाही फाईल पाच केबीच्या आसपासच उतरायची. पूर्वी सगळ्या मशीनींत बाइट आठच बिटांचा असेल असंही नव्हतं, सहा बिटांचं अक्षर धरणारी मशीनं होती. १९६४ साली आयबीएमची सिस्टीम/३६० आली आणि त्यानंतर आठ हा आकडा पक्का होत गेला. सरकारची व्याख्याही बिटमध्येच आहे: ब्रॉडबँड म्हणायला आधी ५१२ केबीपीएस लागायचे, २०२३ पासून किमान २ एमबीपीएस.

सुनंदाताई, तुमच्या पॅकला आठनं भागायचं नाही. दीड जीबी हा साठा आहे, वेग नाही, आणि साठा बाइटमध्येच मोजतात. तुम्हाला दीड जीबी पूर्णच मिळतो. तो दुपारीच संपतो, कारण वेग वाढलाय. शंभर मेगाबिटचा वेग सलग मिळाला तर दीड जीबी दोन मिनिटांत संपतो. मोबाईलमध्ये व्हिडिओची क्वालिटी आपोआप वर जातीय का ते आधी बघा.

सेलूचा_फोटोवाला

ताई, आठचं समजलं. पण शंभर भागिले आठ साडेबारा होतात. मला सव्वाअकरासुद्धा दिसत नव्हते. वरचा सव्वा कुठं गेला? आणि जालन्याचे दादा म्हणतात तसं दहानं भागलं तर दहा येतात, तेही जुळत नाही.

फायबर_पैठणगेट

चांगलं विचारलंत. बहुतेक जण साडेबारावर थांबतात आणि उरलेल्या फरकासाठी परत ऑपरेटरशी भांडतात.

जालन्याच्या दादांनी काट्याच्या वायरीचं जे सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे. तिथं प्रत्येक अक्षरामागं दोन बिट जास्तीचे जातातच. पण फायबरवर किंवा लॅनच्या केबलवर प्रत्येक बाइटमागं असे दोन बिट मोजायचे नसतात. इथं डेटा पोत्यांत भरून जातो. साधारण १५०० बाइटचं एक पोतं. मोंढ्यात सोयाबीनचं पोतं काट्यावर ठेवलं की बारदान्याचं वजन धरून आकडा येतो आणि मग बारदाना वजा करतात. इथंही तसंच. १५०० मधले ४० बाइट पत्त्याचे आणि क्रमांकाचे, म्हणजे माल १४६०. शिवाय तारेवर प्रत्येक पोत्याच्या पुढं-मागं आणि दोन पोत्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मिळून आणखी ३८ बाइटची वेळ जाते. म्हणजे तार १५३८ मोजते आणि तुमच्या फाईलला त्यातले १४६० मिळतात. शंभरातले जवळपास पंच्याण्णव.

साडेबारातून हा बारदाना गेला की पावणेबाराच्या किंचित वर, ११.८७ उरतात. दुसरी कात्री कॉम्प्युटरच्या मोजणीची. तारवाले मेगा म्हणजे दहा लाख धरतात. विंडोज एमबी मोजताना १०२४ गुणिले १०२४ धरतं, म्हणजे १०,४८,५७६. माप मोठं झालं की आकडा लहान दिसतो. ११.८७ चे ११.३ होतात.

```
100 / 8          = 12.5
12.5 x 1460/1538 = 11.87
11.87 / 1.048576 = 11.32
```

म्हणजे शंभरच्या तारेवर स्क्रीनवर जास्तीत जास्त ११.३ दिसू शकतं, आणि तुम्हाला ११.२ दिसलं. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं कनेक्शन असेल तर प्रत्येक पोत्यात आणखी आठ बाइट जातात, तेव्हा ११.२५ च भरतं. तुमची लाईन ठणठणीत आहे. कंपनी मर्यादा कुठं आणि काय धरून मोजते त्याप्रमाणं थोडं मागंपुढं होतं, पण फार नाही.

गिऱ्हाइकाला वेळ सांगताना प्लॅनच्या आकड्याला नऊनं भागा. तुमची १८ जीबीची फाईल: १८ गुणिले १०२४ म्हणजे १८,४३२ एमबी, भागिले ११.२, झाले १६४५ सेकंद. सत्तावीस मिनिटं आणि वर थोडे सेकंद. तुम्ही घड्याळ बघून लिहिलंय तेवढंच.

काटेवाला_जालना

पटलं. मी इतकी वर्षं सगळ्या वायरींना दहाच धरत होतो. उत्तर जवळपास यायचं म्हणून कधी शंका आली नाही.

फायबर_पैठणगेट

दादा, वायफायवर तुमचं दहा बऱ्याचदा अगदी जवळ येतं, कारण तिथं गळती जास्त. फक्त कारण वेगळं आहे.

अभ्यासिका_औसा_रोड

लातूरला माझी अभ्यासिका आहे, नीटच्या तयारीची चाळीस पोरं बसतात. क्लासवाले लेक्चर फाईल करून देतात, मी रात्री ऑफिसच्या पीसीवर उतरवून ठेवतो. मलाही अगदी 11.2 MB/s च दिसतं आणि मीही ऑपरेटरला दोष देत होतो. हे वाचून डोक्यातलं ओझं उतरलं. ताई, मनापासून आभार. माझा प्लॅन २०० चा आहे. आठनं भागायचं एवढं कळालं, विषय संपला.

फायबर_पैठणगेट

औसा रोडवाले सर, थांबा! तुमचा विषय संपलेला नाही. दोनशे भागिले आठ पंचवीस. दोन्ही कात्र्या लागल्या तरी स्क्रीनवर साडेबावीसच्या आसपास दिसायला हवं. तुम्हाला ११.२ दिसतंय, म्हणजे कुठंतरी तार शंभरवर अडकली आहे. आठचा भागाकार समजला की लोक तिथंच समाधान मानतात आणि खरा बिघाड त्याखाली झाकून राहतो. हे मी पुष्कळदा बघितलंय.

मला तुम्ही नुसता ११.२ सांगितला असता तरी शंका आली असती. हा आकडा म्हणजे शंभरच्या लॅन जोडणीची सही आहे. गर्दीमुळं वेग कमी होतो तेव्हा आकडा हलत राहतो, कधी आठ, कधी पंधरा. जोडणीच शंभरची असेल तर ११.२ वर आडवी रेघ मारल्यासारखा थांबतो, रात्री दोन वाजतासुद्धा तेवढाच. स्पीड टेस्टला ९४ येतं का ते सांगा. आणि पीसी केबलनं जोडलेला असेल तर PowerShell उघडून एवढं लिहा:

```
Get-NetAdapter | Select-Object Name, LinkSpeed
```

अभ्यासिका_औसा_रोड

केबलच आहे. Ethernet च्या समोर 100 Mbps आलंय. स्पीड टेस्ट तीनदा लावली, 93.8, 94.1, 94.0. रात्रीसुद्धा हेच असतं. म्हणजे सहा महिने मी दोनशेचे पैसे भरून शंभरच वापरतोय का?

बीडकर_७७

मी हेच म्हणत होतो. इथं तरी लूट आहे ना?

फायबर_पैठणगेट

अजून सांगता येत नाही भाऊ. कंपनीकडून दोनशे येत असतील आणि सरांच्याच खोलीत अडत असतील. कंपनीचा पाईप बघायच्या आधी आपली जोडणी बघायची.

सर, दोन जागा तपासा. पहिली केबल. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. शंभरला त्यातल्या चार पुरतात, हजारला आठही लागतात. बऱ्याच ठिकाणी बसवणारा चारच तारा जॅकमध्ये घालतो, किंवा आठांतली एखादी नीट दाबली जात नाही. मग दोन्ही टोकं आपसात बोलून गुपचूप शंभरवर येतात. नेट चालू राहतं, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. पारदर्शक जॅक डोळ्यासमोर धरून तारा मोजा.

दुसरी जागा भिंतीवरचा डबा, ज्यात फायबर येते. त्याच्या मागच्या लॅनच्या खोबणी सगळ्या सारख्या नसतात. स्वस्त डब्यात बऱ्याचदा एकच हजारची असते आणि बाकीच्या शंभरच्या. खोबणीजवळ किंवा तळाच्या चिठ्ठीवर GE आणि FE लिहिलेलं असतं. GE हजारची, FE शंभरची. तुमची केबल कशात आहे ते बघा.

अभ्यासिका_औसा_रोड

केबलमध्ये आठही तारा दिसतात, तरी शंका नको म्हणून बाजारातून नवी आणून लावली. काही फरक नाही, 100 Mbps च.

मग स्टुलावर चढून डबा काढला. धूळ पुसल्यावर तळाला दोन ओळी दिसल्या: LAN1 GE, LAN2 FE. माझी केबल LAN2 मध्ये आणि LAN1 मध्ये सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरची. बसवणाऱ्यानं कॅमेऱ्यांचं काम आधी केलं आणि उरलेल्या जागी माझी खोचली. दोन्ही केबली अदलाबदल केल्या. आता PowerShell मध्ये 1 Gbps येतंय आणि फाईल उतरताना 22.4 MB/s दिसलं. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पहिल्यासारखंच सुरू आहे.

चार जीबीचं लेक्चर सहा मिनिटांऐवजी तीन मिनिटांत आलं. ताई, तुम्ही "थांबा" म्हणाला नसता तर मी तसाच राहिलो असतो.

सेलूचा_फोटोवाला

सर, मीही आत्ता लगेच बघितलं. माझाही पीसी 100 Mbps च दाखवतो! ताई, मलाही बदलायचं का?

फायबर_पैठणगेट

प्लॅनच शंभरचा असताना बदलून फारसा फायदा नाही. काही ऑपरेटर प्लॅनपेक्षा थोडं जास्त सोडतात, तेवढं मिळालं तर मिळेल. पण पुढं दोनशेचा प्लॅन घ्याल तेव्हा आधी हे बघा, नाहीतर पैसे वाढतील आणि ११.२ जागचा हलणार नाही.

बीडकर_७७

तांत्रिक बाजू मान्य आहे, ताई. स्पीड टेस्टबद्दल मी चुकीचं लिहिलं. पण पॅम्फ्लेटवर "१०० एमबी" छापणं मला अजूनही मान्य नाही. मोबाईलच्या पॅकवर "एमबी" म्हणजे बाइट आणि फायबरच्या पॅम्फ्लेटवर त्याच "एमबी"चा अर्थ बिट, हे सामान्य माणसानं ओळखायचं कसं? सेलूच्या भावानं तीन मिनिटांचा शब्द दिला तो ते वाचूनच ना?

काटेवाला_जालना

काट्यावर किलोच्या जागी नुसतं "के" लिहिलेलं वजनमापवाले चालू देत नाहीत. इथंही एककाचं पूर्ण नाव छापायला लावलं पाहिजे, हे माझंही मत. पण ऑपरेटरनं जाणून फसवलं असंही मला वाटत नाही. आमच्या गल्लीतल्या ऑपरेटरच्या पोराला मी परवा विचारलं, त्यालाच फरक माहीत नव्हता.

फायबर_पैठणगेट

छपाईच्या बाबतीत मी तुमच्या दोघांच्या बाजूनं आहे. ग्राहक मंच यावर काय म्हणेल ते मात्र वकिलालाच विचारावं, माझा तो विषय नव्हे.

सुनंदा_गंगाखेड

व्हिडिओची क्वालिटी कमी करून ठेवली. आज संध्याकाळी सातलाही अर्धा जीबी शिल्लक आहे. मुलाला हे सगळं वाचायला दिलं.

अभ्यासिका_औसा_रोड

एक शंका राहिली. काल रात्री साडेनऊला आकडा नऊ-दहावर आला, मध्येच सोळा, परत आठ. पीसीवर जोडणी 1 Gbps च दिसत होती. साडेअकराला परत बावीस. हे आता कुणाकडं?

फायबर_पैठणगेट

हलतोय म्हणजे खोलीतलं नाही, बाहेरचं दिसतंय. पण त्या वेळी चाळीस पोरं तुमच्याच वायफायवर असतात, तो वापरही त्याच दोनशेतून जातो. आधी ते वेगळं काढू. आठवडाभर रोज रात्री साडेनऊला पाच मिनिटं वायफाय बंद ठेवून फक्त केबलवर टेस्ट लावा आणि आकडे इथं टाका. सोबत Mbps की MB/s तेही लिहा.

अभ्यासिका_औसा_रोड

पोरांना सांगून आजपासून सुरू करतो. पहिला आकडा आज रात्री टाकतो.